राउटरचं घड्याळ १९७० सालात जातंय, टॅब्लेटचं नेट भलत्याच वेळी बंद होतंय

सांगलीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे. तिच्या टॅब्लेटचं नेट रात्री १० ते सकाळी ६ बंद राहावं म्हणून राउटरच्या पेरेंटल कंट्रोलमध्ये नियम लावला आहे. घरात फायबरवाल्यांचा डबा आहे, त्याच्या पुढे आमचा स्वतःचा राउटर. सगळं सेटिंग नेट जोडायला आलेल्या मुलानेच करून दिलं होतं.

लाइट जात नाही तोवर सगळं सुरळीत चालतं. परवा दुपारी लाइट गेली ती संध्याकाळी सहा-दहाला आली. माझा फोन, बायकोचा फोन, टीव्ही, सगळ्यांना नेट लगेच मिळालं. टॅब्लेट मात्र अर्धा तास बंद आणि मग आपोआप सुरू. त्या रात्री दहाला तो बंद झालाच नाही, पोरगी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास बंद पडला तो थेट संध्याकाळी पावणेसातला उघडला. तिचा ऑनलाइन क्लास दुपारी असतो, तो बुडाला. कस्टमर केअर म्हणतं राउटर रिस्टार्ट करा. केला, की पुन्हा अर्धा तास बंद!

राउटरच्या लॉगमध्ये हे दिसतंय:

```
1970-01-01 05:30:21 WAN link up
1970-01-01 05:30:48 DHCP: tablet connected
1970-01-01 05:30:49 Access rule: tablet blocked
```

राउटर बदलू का? की पेरेंटल कंट्रोल हा प्रकारच बेभरवशाचा असतो?

---

पिंटू_पुणेकर

१९७० साली टॅब्लेट नव्हतेच, त्यामुळे राउटरने तो बंद ठेवला यात त्याचं काही चुकलेलं नाही. 😀

---

खवचट_काका

अहो वाटसरू, उत्तर तुमच्या लॉगमध्येच आहे. ५:३० दिसतंय ना? भारत आणि ग्रीनिचमध्ये साडेपाच तासांचाच फरक आहे. म्हणजे तुमचा टाइम झोन चुकला आहे. सेटिंगमध्ये जाऊन जीएमटी +५:३० निवडा, विषय संपला. माझ्या भावाकडे हेच झालं होतं.

---

तारायंत्र

काका, ५:३० बरोबर हेरलंत, पण त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. वाटसरूंचा टाइम झोन ठीक आहे आणि हे ५:३० हाच त्याचा पुरावा आहे.

घरगुती राउटरमध्ये बहुतेक वेळा घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी नसते. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, तसं इथे काही नाही. वीज गेली की वेळ गेली. पुन्हा सुरू झाल्यावर तो शून्यापासून मोजायला लागतो आणि त्याचा शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, मध्यरात्रीचे १२, यूटीसी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनुसार. काही राउटर फर्मवेअर बनवल्याच्या तारखेपासून सुरू करतात, पण तुमचा शून्यवाला आहे. आता या मध्यरात्रीत भारताचे साडेपाच तास मिळवा: पहाटेचे ५:३०. झोन यूटीसी असता तर लॉगमध्ये ००:००:२१ दिसलं असतं. चीनचा असता तर ०८:००:२१.

म्हणजे राउटरला आपण भारतात आहोत हे माहीत आहे. आज कुठली तारीख आणि किती वाजले, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आता तुमचं कोडं सोडवू. लाइट आली ६:१० ला, तेव्हा राउटरच्या मते पहाटेचे ५:३० वाजले होते. तुमचा नियम रात्री १० ते सकाळी ६. पहाटे साडेपाच म्हणजे अजून बंदीची वेळ, म्हणून टॅब्लेट बंद. अर्ध्या तासाने राउटरचे सहा वाजले, टॅब्लेट सुरू. तुमचा फोन नियमात नाही, त्यामुळे त्याला काही झालं नाही. आता राउटरच्या ५:३० पासून त्याच्या रात्री १० पर्यंत साडेसोळा तास. खऱ्या ६:१० मध्ये साडेसोळा तास मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:४० येतात. तिथून आठ तास बंद, म्हणजे संध्याकाळी ६:४० ला सुरू. तुम्ही दिलेल्या वेळांशी हे तंतोतंत जुळतं.

पेरेंटल कंट्रोल इमानदारीने काम करतंय आणि राउटर बदलायची गरज नाही. टाइम सेटिंगचं पान उघडून बघा, वेळ "मॅन्युअल"वर आहे की इंटरनेटवरून घेतली जाते?

---

शेवटचा_बाक

तो अर्ध्या तासाचा हिशोब वाचून मजा आली. अजून एक बघा. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. म्हणजे कोणी "शनिवार-रविवार सूट" असा नियम लावला असेल, तर लाइट गेल्यावर रविवारीसुद्धा राउटर गुरुवारच समजणार. आमच्याकडे रविवारी सूट मिळत नाही म्हणून मुलगा भांडायचा, ते कशामुळे ते आज कळलं.

---

गोंयकार_बाब

माझी केस वेगळी आहे, ती सांगतो. म्हापशाजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुण्यांचं वायफाय रात्री १० ला बंद व्हावं असं शेड्यूल होतं. पाहुणे तक्रार करायचे की साडेसातलाच बंद होतं, आणि पहाटे साडेतीनला उठून कोणी बघितलं तर चालू! आधी वाटलं केबलवाला काड्या करतोय. राउटरचं पान उघडलं तर तारीख बरोबर, मिनिटंही बरोबर, तास मात्र अडीच पुढे. झोन जीएमटी +८ होता, बीजिंगवाला. कारखान्यातून तसाच आलेला, कोणी बदललाच नव्हता. यादीतून चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीची ओळ निवडली, झालं.

---

खवचट_काका

बघा, म्हणजे शेवटी टाइम झोनच निघाला ना? मी तेच म्हणत होतो.

---

तारायंत्र

गोंयकारांच्या बाबतीत हो, वाटसरूंच्या बाबतीत नाही. दोन्हींत फरक कसा करायचा हे कळलं की निम्मं काम होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

राउटरची वेळ आणि फोनची वेळ शेजारी ठेवा आणि आधी तासांकडे नाही, मिनिटांकडे बघा. मिनिटं जुळतात, तारीखही ठीक, पण तास ठोक रकमेने चुकले आहेत, तर इंटरनेटवरून वेळ व्यवस्थित येतेय आणि झोन चुकला आहे. वेळेचा सर्व्हर झोन पाठवतच नाही. तो फक्त यूटीसी पाठवतो, त्यात किती मिळवायचे ते राउटर आपल्या सेटिंगवरून ठरवतो. फरक किती यावरून कुठला झोन लागलाय तेही कळतं. साडेपाच तास मागे असेल तर यूटीसी, अडीच तास पुढे असेल तर चीन. एकच तास पुढे असेल तर डेलाइट सेव्हिंगची खूण कोणीतरी चालू ठेवली आहे. ती भारतात बंदच हवी.

मिनिटंही जुळत नाहीत आणि साल भलतंच आहे, तर वेळ आलेलीच नाही. तिथे झोन कितीही बदला, उपयोग नाही.

तिसरा प्रकार गुपचूप येतो. तारीख-वार बरोबर, पण घड्याळ पाच-सात मिनिटांनी इकडेतिकडे. कधीतरी वेळ लावली गेली, पण नंतर कित्येक महिने जुळवलीच गेली नाही. राउटरमधला स्फटिक दहा लाखांत वीसने चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळजवळ एक मिनिट.

---

सांगलीचा_वाटसरू

तारायंत्र साहेब, दंडवत! पान उघडलं. वेळ "मॅन्युअल"वरच होती. खाली "कॉम्प्युटरवरून वेळ घ्या" असं एक बटण आहे, त्या मुलाने बहुधा तेच दाबून दिलं असणार. म्हणजे पुढची लाइट जाईपर्यंत बरोबर.

आता इंटरनेटवरून घ्या असं निवडलं. झोन मुंबई-नवी दिल्लीवालाच आहे. पण सेव्ह केलं तरी "वेळ मिळाली नाही" असंच दाखवतोय. एनटीपी सर्व्हर, म्हणजे वेळेचा सर्व्हर, १ आणि २ अशा चौकटी आहेत. पहिलीत कुठलातरी आकड्यांचा पत्ता आधीपासून भरलेला आहे, दुसरीत 0.0.0.0. इंटरनेट तर चालू आहे, मग वेळ का येत नाही?

---

मुक्ता_नाशिक

माझ्या फोनवर वेळ नेहमी बरोबर असते. राउटर फोनवरूनच का घेत नाही? दोघं एकाच वायफायवर असतात ना? फोनचं ऑटोमॅटिक टाइम चालू करून बघा.

---

तारायंत्र

मुक्ताताई, फोन आपली वेळ मोबाइल नेटवर्कवरून किंवा स्वतःच इंटरनेटवरून घेतो आणि स्वतःपुरती ठेवतो. राउटरला ती देण्याची सोय दोघांतही नाही. ते "कॉम्प्युटरवरून घ्या" बटण तेवढं ब्राउझरमधली वेळ एकदाच उचलतं, त्यानंतर त्याचा संबंध संपतो.

वाटसरू, पहिल्या चौकटीतला आकड्यांचा पत्ता पुसून टाका. तो फर्मवेअर बनवणाऱ्याने किंवा कोणीतरी कधीकाळी घातलेला असणार आणि आता तिथे उत्तर द्यायला कोणी नसेल. त्याजागी नाव घाला. पहिलीत time.nplindia.org, ही दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल. भारताची प्रमाणवेळ तीच सांभाळते. दुसरीत in.pool.ntp.org. अक्षरं स्वीकारतच नसेल, तर सांगा.

---

निवांत

नावं घालताना एक खड्डा आहे तो आधीच दाखवून ठेवतो. राउटरवर कोणी सुरक्षित डीएनएस चालू केला असेल, म्हणजे एचटीटीपीएस किंवा टीएलएसवरून चालणारा, तर गंमत होते. राउटर १९७० मध्ये आहे. डीएनएस सर्व्हरचं प्रमाणपत्र आत्ताचं आहे, त्यामुळे राउटरच्या मते ते "अजून सुरूच झालेलं नाही", म्हणून नामंजूर. डीएनएस नाही म्हणून वेळेच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. नाव सापडत नाही म्हणून वेळ मिळत नाही आणि वेळ मिळत नाही म्हणून डीएनएस चालत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही!

माझ्याकडे लाइट गेली की सगळं घरच ऑफलाइन व्हायचं. उपाय म्हणून एका चौकटीत नाव न घालता आकड्यांचाच पत्ता ठेवला.

---

तारायंत्र

हा मुद्दा चांगला आहे, पण त्यामुळेच वाटसरूंच्या पहिल्या चौकटीची ती अवस्था झाली! आकड्यांचा पत्ता कायमचा नसतो. ज्यांनी स्वतः जाहीर करून ठेवले आहेत असे थोडे पत्ते चालतात, उदाहरणार्थ time.google.com साठी 216.239.35.4. वाटेल त्या सर्व्हरचा पत्ता पिंग करून काढायचा आणि चिकटवायचा, हे करू नका.

या सवयीचा सर्वात मोठा घोळ २००३ साली अमेरिकेत झाला. नेटगिअरच्या काही राउटरमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. लाखो राउटर एकाच विद्यापीठावर तुटून पडले. विद्यापीठाला आधी वाटलं आपल्यावर हल्ला झाला.

---

देशभक्त_०७

घरगुती राउटरवर परदेशी सर्व्हर लावणं आता बेकायदेशीर आहे. २०२२ पासून एनआयसीचाच सर्व्हर लावायचा असा सरकारी नियम आहे. गुगल वगैरे काढून टाका सगळ्यांनी.

---

तारायंत्र

सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेचा तो आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. इंटरनेट पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवून घ्यावीत असं त्यात आहे. घरच्या राउटरला तो लागू नाही. बाकी एनआयसीचा samay1.nic.in लावला तर बिघडत काहीच नाही.

---

पिंटू_पुणेकर

ओपनडब्ल्यूआरटी या राउटर फर्मवेअरच्या झोनच्या यादीत मी मुंबई शोधतोय, सापडत नाही. फक्त Asia/Kolkata. हा अन्याय आहे. आंदोलन करू या.

---

खवचट_काका

पिंटू, मुंबईला एके काळी स्वतःची वेळ होती रे बाबा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण मुंबई १९५५ पर्यंत आपली मुंबई टाइम धरून बसली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आमचे आजोबा गिरगावात राहायचे, ते सांगायचे की पत्रिकेवर मुहूर्त लिहिताना कुठली वेळ तेही लिहायला लागायचं. तो पर्याय राउटरमध्ये असता तर पोरांना ३९ मिनिटं जास्त मिळाली असती.

---

शेवटचा_बाक

काका, अवांतर असलं तरी पहिल्यांदाच १००% बरोबर! 😀

पिंटू, त्या यादीत १९७० पासून ज्यांचं घड्याळ सारखं आहे अशा प्रदेशाला एकच नाव मिळतं. जुन्या फर्मवेअरमध्ये तेच Asia/Calcutta असं दिसेल. यूटीसीपासूनचं अंतर एकच आहे, कुठलंही निवड. आणि ओपनडब्ल्यूआरटीवर हाताने लिहिणार असलास तर चिन्ह बघून लिही:

```
uci set system.@system[0].zonename='Asia/Kolkata'
uci set system.@system[0].timezone='IST-5:30'
uci commit system
/etc/init.d/system reload
/etc/init.d/sysntpd restart
```

तिथे उणे आहे, अधिक नाही. या पद्धतीत स्थानिक वेळेत किती मिळवले की यूटीसी येते, ते लिहितात. "आपण तर पुढे आहोत" म्हणून कोणी अधिक केलं तर घड्याळ खऱ्या वेळेच्या ११ तास मागे जातं. शिवाय आयएसटी हे नुसतं लेबल आहे. इस्रायल आणि आयर्लंडवालेही तेच लिहितात, त्यामुळे राउटर त्यावरून काहीही ओळखत नाही.

---

लंडनची_मैना

मी लंडनहून. आमच्याकडे भारतासारखं सरळ नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. आमच्या जुन्या राउटरमध्ये फक्त "जीएमटी +०" एवढाच पर्याय होता. त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर मुलाचं नेट रात्री नऊऐवजी दहाला बंद व्हायचं आणि त्याने सात महिने तोंडातून शब्द काढला नाही. नव्या राउटरमध्ये नियमासकट लिहिता येतं:

```
GMT0BST,M3.5.0/1,M10.5.0
```

तिसऱ्या महिन्याचा पाचवा म्हणजे शेवटचा रविवार, रात्री एक वाजता, असं ते वाचायचं. ज्यांच्या राउटरमध्ये शहराचं नाव निवडता येतं त्यांनी शहरच निवडावं, आकडा नको.

एक शंका. पुण्याला आईबाबांचा राउटर मी इथून सांभाळते. तिथला लॉग माझ्या ब्राउझरवर कुठल्या वेळेत दिसतो?

---

तारायंत्र

बहुतेक राउटर लॉग लिहितानाच पुण्याची वेळ लिहून ठेवतात, तेव्हा जसं दिसतं ते पुण्याचं. पण क्लाउडवरून, ॲपमध्ये बघत असाल तर काही ॲप तुमच्या फोनच्या झोनमध्ये बदलून दाखवतात. शेड्यूल लावतानाही तेच होतं. एक छोटी नोंद घडवून आणा, आईंना वायफाय बंद-चालू करायला सांगा, आणि ती किती वाजताची दिसते ते बघा.

---

सांगलीचा_वाटसरू

अपडेट. पहिल्या चौकटीत अक्षरं घातल्यावर राउटर म्हणाला "चुकीचा पत्ता". त्याला आकडेच हवेत! मग तुमचा 216.239.35.4 पहिलीत घातला आणि सेव्ह केलं. लगेच वेळ आली, मिनिटासकट बरोबर. रात्री दहाला टॅब्लेट बंद, सकाळी सहाला सुरू. आनंदीआनंद.

मग मुद्दाम मेन स्विच बंद करून परत चालू केला. सुरुवातीला पुन्हा १९७०, टॅब्लेट बंद. पण या वेळी अर्ध्या तासाआधीच सुरू झाला. लॉग:

```
1970-01-01 05:30:20 WAN link down
1970-01-01 05:30:24 NTP: no response
1970-01-01 05:33:02 WAN link up
1970-01-01 05:45:24 NTP: time updated
```

म्हणजे इंटरनेट आल्यावरही बारा मिनिटं वेळ का नाही घेतली?

---

निवांत

राउटर फायबरच्या डब्याआधी उठतो. तो उठला, वेळ विचारली, डब्याचं अजून कनेक्शनच लागलेलं नव्हतं, उत्तर नाही. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारणार असं तुमच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेलं दिसतंय. ५:३०:२४ आणि ५:४५:२४, बरोब्बर पंधरा. लिंक आल्याक्षणी पुन्हा विचारणारे राउटरही असतात, तुमचा नाही.

---

शेवटचा_बाक

यावर बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, राउटरचा मिळतो तो. लाइट गेली तरी राउटर बंदच होत नाही, घड्याळ हलत नाही, एनटीपीची कटकटच नाही. डबा आणि राउटर दोन्ही त्यावर टाका. इतकं सगळं लिहायची गरजच नव्हती.

---

तारायंत्र

यूपीएस घ्याच, पण घड्याळासाठी म्हणून नको. बॅटरी दोन-चार तासांत संपली, किंवा फर्मवेअर अपडेटने राउटर स्वतःच रिस्टार्ट झाला, की पुन्हा १९७०. शिवाय वेळ जुळवणं बंद असेल तर यूपीएसवर ते लक्षातच येत नाही, घड्याळ हळूहळू सरकत राहतं. वाटसरूंनी आत्ता जे केलंय ते आधी, यूपीएस नंतर.

त्या लॉगचा अजून एक उपयोग सांगतो. १९७० च्या ओळी फेकून द्यायच्या नसतात. वेळ मिळाल्याची ओळ राउटरच्या ५:४५:२४ ला आहे. समजा तेव्हा खरे ७:२०:०० वाजले होते. लिंक आली ती राउटरच्या ५:३३:०२ ला, म्हणजे त्याआधी १२ मिनिटं २२ सेकंद. खरी वेळ ७:०७:३८. कनेक्शन किती वेळ बंद होतं यावरून पुरवठादाराशी वाद घालायचा असेल, तर हा हिशोब करून तक्रारीत लिहा. नुसतं १९७० लिहिलेला लॉग पाठवला तर ते हसतील.

---

गोंयकार_बाब

हे उपयोगी आहे. आमची लाइन रोज संध्याकाळी पडते आणि ते म्हणतात तुमच्या लॉगमधली वेळ आमच्या नोंदीशी जुळत नाही. जुळणार कशी, तेव्हा आम्ही बीजिंगमध्ये होतो.

---

मुक्ता_नाशिक

मला तत्त्वाचा प्रश्न पडलाय. राउटरला वेळच माहीत नसेल तर त्याने मुलांचं नेट बंद ठेवावं की चालू? वाटसरूंचा राउटर योगायोगाने बंद ठेवतो, कारण ५:३० त्यांच्या बंदीत येतं. माझा नियम रात्री ११ ते पहाटे ५ आहे. म्हणजे माझ्याकडे लाइट गेली की उलटं होणार, चालूच राहणार!

---

निवांत

माझ्या मते वेळ माहीत नसेल तर चालूच असावं. नेट बंद झाल्यावर मुलांचा अभ्यास आणि आईबापांचं डोकं, दोन्ही बंद पडतं.

---

लंडनची_मैना

असहमत. चालू ठेवलं तर आमचा मुलगा रोज रात्री प्लग काढून घालेल. त्याला हे कळायला आठवडाही लागणार नाही.

---

तारायंत्र

यावर राउटर कंपन्यांचंही एकमत नाही. काही मॉडेल वेळ मिळेपर्यंत शेड्यूल लावतच नाहीत, काही १९७० च्या वेळेनेच लावतात. आपलं कुठलं हे लॉग आणि एक मुद्दाम केलेला रिस्टार्ट सांगतो.

---

सांगलीचा_वाटसरू

एक शेवटची गोष्ट राहिली. काल रात्री लॉगमध्ये बरोबर २२:०० ला टॅब्लेट बंद असं लिहिलंय. पण पोरगी सव्वादहापर्यंत मैत्रिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर होती आणि तो तुटला नाही. तिने कॉल ठेवल्यावर मात्र काहीच उघडलं नाही. घड्याळ तर आता सेकंदाला बरोबर आहे.

---

शेवटचा_बाक

हे घड्याळाचं नाही. बरेच फायरवॉल आधीपासून चालू असलेलं कनेक्शन तपासत बसत नाहीत, नियम फक्त नव्या कनेक्शनला लागतो. दहाच्या आधी लागलेला कॉल तसाच चालतो. ओपनडब्ल्यूआरटीवर दहाला जुनी कनेक्शन पुसून टाकणारी ओळ क्रॉनमध्ये घालता येते, `conntrack` हे पॅकेज असेल तर:

```
1 22 * * * conntrack -D -s 192.168.1.50
```

तुमच्या राउटरमध्ये ही सोय असेल असं वाटत नाही. टॅब्लेटला राउटरमधून तोच आयपी कायम मिळेल अशी व्यवस्थाही लागेल. आणि टॅब्लेटवर "खाजगी वायफाय पत्ता" चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर मॅक पत्ता बदलला की राउटर त्याला नवा टॅब्लेट समजेल आणि नियम लागणारच नाही.

---

खवचट_काका

सव्वादहाला जाऊन "ठेव गं आता" म्हणायचं. त्याला एनटीपी लागत नाही.

---

सांगलीचा_वाटसरू

काका, ते म्हणायला लागू नये म्हणूनच तर राउटर घेतला होता! खाजगी पत्ता चालूच होता, आता बंद केला आणि नियम नव्याने लावला. दुसऱ्या चौकटीत अजून 0.0.0.0 आहे. तिथे आकड्यांतला दुसरा कुठला पत्ता घालावा? दोन्ही गुगलचे नकोत असं वाटतं.

---

तारायंत्र

क्लाउडफ्लेअरचा 162.159.200.1 घाला, time.cloudflare.com चा आहे. वर्षातून एकदा वेळेचं पान उघडून दोन्ही अजून उत्तर देतात का ते बघा, कारण आकडेच घालावे लागले की ते काम आपल्यावर येतं. आणि फर्मवेअरची नवी आवृत्ती आली असेल तर तीत अक्षरं चालतात का तेही बघून इथे कळवा.